'७२ टक्के ग्राहक निष्ठावान' : या वाक्याला विचारायचे प्रश्न

मार्केटिंगच्या वर्गात होणाऱ्या सादरीकरणांत दोन विधाने हमखास असतात. पहिले ग्राहकांच्या गटाबद्दलचे असते : अमुक वयाच्या, अमुक उत्पन्नाच्या ग्राहकांना हा ब्रँड सर्वाधिक आवडतो. दुसरे ब्रँडनिष्ठेबद्दलचे : सर्वेक्षणातले इतके टक्के ग्राहक या ब्रँडशी निष्ठावान आहेत. दोन्ही विधाने आकड्यांसह येतात, रंगीत आलेखात बसतात आणि पुढच्या स्लाइडवर त्यांतून जाहिरातीची शिफारसही निघते. सादरीकरण संपल्यावर 'कुणाला काही प्रश्न?' असे विचारले की वर्ग बहुधा गप्प बसतो, कारण समोरचा आकडा नेमका कुठे तपासायचा हे ठाऊक नसते. ही तपासणी अवघड नाही. त्यासाठी संख्याशास्त्राची पदवी लागत नाही. चार-पाच प्रश्न योग्य क्रमाने विचारावे लागतात.

ते प्रश्न समजून घेण्यासाठी एक कल्पित सादरीकरण घेऊ. शहरातल्या एका महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या गटाने चहा पावडर हा विषय निवडला. गूगल फॉर्म तयार करून त्याची लिंक वर्गाच्या, नातेवाइकांच्या आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. आठवडाभरात १५० जणांनी फॉर्म भरला. त्यांपैकी ६० जणांच्या घरी 'क' ब्रँडचा चहा येतो, २० जणांच्या घरी 'ख' ब्रँडचा, आणि उरलेल्यांकडे इतर ब्रँड किंवा सुटी पावडर. 'क'वाल्या ६० जणांपैकी ४३ जणांनी 'मी यापुढेही क हाच ब्रँड घेईन' या वाक्यापुढे 'सहमत' किंवा 'पूर्णपणे सहमत' निवडले. त्यावरून गटाने स्लाइडवर लिहिले : '७२ टक्के ग्राहक क ब्रँडशी निष्ठावान आहेत, १८ ते २५ वयोगटातील मुली सर्वाधिक निष्ठावान.'

विचारले कोणाला?

पहिला प्रश्न आकड्याचा नाही, माणसांचा आहे. ७२ टक्के म्हणजे कोणाचे ७२ टक्के? स्लाइड 'ग्राहक' म्हणते. प्रत्यक्षात ही टक्केवारी एका शहरातल्या, स्मार्टफोन असलेल्या, विद्यार्थ्यांच्या ओळखीच्या आणि फॉर्म भरायची तयारी असलेल्या ६० जणांची आहे. अशा नमुन्याला सोयीचा नमुना म्हणतात. तो घेणे गुन्हा नाही. वर्गातल्या प्रकल्पाला वेळ आणि पैसा दोन्ही बेताचे असतात. पण त्यावरून सर्व ग्राहकांबद्दल बोलता येत नाही.

'मग फॉर्म आणखी लोकांना पाठवू' हे यावरचे नेहमीचे उत्तर. संख्या वाढवून हा दोष जात नाही, हे १९३६ साली अमेरिकेत ठळकपणे दिसले. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. वीस लाखांहून अधिक उत्तरे परत आली आणि त्यांवरून आल्फ्रेड लँडन जिंकणार असे साप्ताहिकाने सांगितले. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. पत्ते घेतले होते मुख्यतः टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून, म्हणजे मंदीच्या काळातही बऱ्या स्थितीत असलेल्यांचे. आणि ज्यांना पत्रिका मिळाल्या त्यांतल्याही बहुतेकांनी उत्तर दिले नाही. जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान, पण समाजातल्या वेगवेगळ्या थरांचे प्रमाण सांभाळून निवडलेल्या नमुन्यावरून रूझवेल्ट जिंकणार हे बरोबर ओळखले.

चहाच्या उदाहरणात याच प्रश्नाची आणखी एक बाजू आहे. फॉर्म भरणारे बहुसंख्य विद्यार्थी आहेत आणि घरातला चहा विद्यार्थी आणत नाहीत. महिन्याच्या किराण्याची यादी आई करते, किंवा वडील येता-येता पुडा घेऊन येतात. ब्रँड ठरवणारा, पैसे देणारा आणि चहा पिणारा या तीन वेगळ्या व्यक्ती असू शकतात. 'मी यापुढेही क घेईन' असे लिहिणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाने कदाचित आयुष्यात एकदाही चहाचा पुडा विकत घेतलेला नसेल. त्यामुळे 'घरात चहा कोण आणते?' हा प्रश्न फॉर्ममध्ये होता का, हे विचारायलाच हवे. नसेल, तर ७२ टक्के हा आकडा निष्ठेचा नसून घरात जे येते त्याच्या सवयीचा असू शकतो.

विचारले गेले नाही असे लोकही इथेच मोजायला हवेत. 'क' सोडून गेलेले ग्राहक या ६० जणांत नाहीतच. ते दुसऱ्या ब्रँडच्या रांगेत गेले. सध्याच्या ग्राहकांनाच विचारले की उत्तर नेहमी जरा गोड येते, कारण नाराज मंडळी आधीच बाहेर पडलेली असतात. म्हणून इतर ९० जणांना 'पूर्वी कधी क घेत होता का? का सोडला?' असे विचारले होते का, हाही प्रश्न रास्त आहे.

विचारले काय?

दुसरा प्रश्न शब्दांचा. 'मी यापुढेही क हाच ब्रँड घेईन' हे विधान वाचणाऱ्याला एका बाजूला ढकलते. समोर तयार वाक्य असले की बरेच लोक विरोध करण्यापेक्षा होकार देणे पसंत करतात. सर्वेक्षणशास्त्रात ही प्रवृत्ती चांगलीच परिचयाची आहे. फॉर्मचे शीर्षकच 'क ब्रँड ग्राहक सर्वेक्षण' असेल, तर कोणते उत्तर अपेक्षित आहे हे भरणाऱ्याला पहिल्याच ओळीत कळते. शिवाय फॉर्म पाठवणारा ओळखीचा असतो. त्याचे मन मोडू नये असेही वाटते.

याहून मोठी अडचण म्हणजे हे विधान भविष्याबद्दल आहे. माणूस पुढे काय करणार हे तो स्वतःही नीट सांगू शकत नाही. केलेल्या गोष्टीबद्दल विचारले तर उत्तर अधिक भरवशाचे मिळते. चहाच्या बाबतीत असे तीन प्रश्न पुरेसे आहेत : घरात आत्ता कोणता पुडा उघडा आहे? त्याआधीचे दोन पुडे कोणते होते? गेल्या वेळी दुकानात हवा तो ब्रँड नव्हता तेव्हा काय केले : दुसरा घेतला, दुसऱ्या दुकानात गेलात की थांबलात? शेवटच्या प्रश्नात निष्ठेची खरी कसोटी आहे. 'क'चा पुडा नाही म्हटल्यावर वाण्याने पुढे केलेला पुडा मुकाट्याने पिशवीत टाकणारा ग्राहक फॉर्मवर 'पूर्णपणे सहमत' असतो, पण दुकानात नसतो.

आपल्या कल्पित गटाने हे प्रश्न नंतर विचारले असे मानू. ६० पैकी ३४ जणांनाच मागचे पुडे कोणते होते हे सांगता आले. बाकीच्यांनी 'आईला माहीत' असे उत्तर दिले. त्या ३४ घरांपैकी १५ घरांत सलग तीनही पुडे 'क'चे होते, म्हणजे सुमारे ४४ टक्के. उरलेल्या १९ घरांत 'क' आणि दुसरा ब्रँड आलटून-पालटून येत होता. माणसे तीच, ब्रँड तोच. प्रश्न बदलताच ७२चे ४४ झाले. यांतला एक आकडा खोटा आहे असे नाही. पहिला इराद्याचा आहे, दुसरा खरेदीचा, आणि स्लाइडवर कोणता आहे हे लिहिलेले असायला हवे.

चुकीचा प्रश्न किती महाग पडू शकतो याचे गाजलेले उदाहरण कोका-कोलाचे आहे. पेप्सीची गोडसर चव लोकांना आवडते असे दिसल्यावर कंपनीने नवे मिश्रण तयार केले आणि सुमारे दोन लाख चव-चाचण्या घेतल्या. जुन्या कोकपेक्षा आणि पेप्सीपेक्षाही नव्या चवीला अधिक पसंती मिळाली. २३ एप्रिल १९८५ रोजी नवे पेय बाजारात आले आणि जुने बंद झाले. अमेरिकेत तक्रारींचा पाऊस पडला, आणि ११ जुलैला, म्हणजे तीन महिनेही व्हायच्या आत, कंपनीने जुने पेय 'कोका-कोला क्लासिक' या नावाने परत आणत असल्याचे जाहीर केले. चाचण्या लहान नव्हत्या आणि मोजणीही चुकली नव्हती. चाचणीने विचारले होते, 'या घोटांपैकी कोणता आवडला?' कंपनीने निर्णय घेतला तो मात्र वेगळ्याच प्रश्नावर : 'जुना कोक कायमचा गेला तर चालेल का?' चव आणि आपलेपणा या दोन गोष्टी आहेत. पहिलीच्या मापाने दुसरी मोजली गेली.

निष्ठा म्हणजे नेमके काय धरले?

परत-परत घेणे म्हणजे निष्ठा, असे धरले तरी प्रश्न संपत नाही. ॲलन डिक आणि कुणाल बसू या अभ्यासकांनी १९९४ साली यासाठी एक सोपी चौकट मांडली. ग्राहकाचा कल आणि त्याची पुनःखरेदी या दोन गोष्टी वेगळ्या मोजायच्या. दोन्ही भक्कम असतील तर खरी निष्ठा. कल आहे पण खरेदी नाही, तर सुप्त निष्ठा. ब्रँड आवडतो, पण परवडत नाही किंवा जवळ मिळत नाही. खरेदी आहे पण कल नाही, तर आभासी निष्ठा. दोन्ही नसतील तर निष्ठाच नाही.

आभासी निष्ठा फसवी असते, कारण विक्रीच्या आकड्यात ती खऱ्या निष्ठेसारखीच दिसते. गावात एकच किराणा दुकान असेल आणि तिथे 'क'च मिळत असेल, तर सगळे गाव वर्षानुवर्षे 'क' पीत राहील. शेजारी दुसरे दुकान उघडले आणि त्यात 'ख' स्वस्त मिळू लागला की ती निष्ठा महिन्याभरात विरून जाते. म्हणून सादरकर्त्यांना विचारावे : ज्यांना निष्ठावान म्हटले त्यांच्या जवळच्या दुकानात दुसरे किती ब्रँड मिळतात? या प्रश्नाचे उत्तर नसेल, तर 'निष्ठावान' ऐवजी 'नियमित घेणारे' हा शब्द वापरणे प्रामाणिकपणाचे ठरते.

काही गट निष्ठेसाठी 'नेट प्रमोटर स्कोअर' वापरतात. फ्रेडरिक रायकहेल्ड यांनी २००३ साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये तो मांडला. 'हा ब्रँड मित्राला किंवा सहकाऱ्याला सुचवण्याची शक्यता किती?' याला ० ते १० पैकी गुण द्यायचे; ९ आणि १० देणाऱ्यांच्या टक्केवारीतून ० ते ६ देणाऱ्यांची टक्केवारी वजा करायची. ७ आणि ८ देणारे या वजाबाकीत येत नाहीत, पण एकूण संख्येत धरले जातात. मोजायला सोपा असल्याने तो लोकप्रिय झाला, पण एका आकड्यात बरेच काही लपते. ६० टक्के लोक खूश आणि ४० टक्के नाराज असले तरी गुण २०. २० टक्के खूश, बाकी सगळे मध्यम आणि नाराज कोणीच नाही, तरी गुण २०च. या दोन ब्रँडांपुढची कामे अगदी वेगळी आहेत. म्हणून नुसता गुण दाखवला असेल तर त्यामागच्या तिन्ही टक्केवाऱ्या मागाव्यात.

तुलना कशाशी?

समजा, वर्गातल्या दुसऱ्या गटाने 'ख' ब्रँड घेतला आणि त्याच प्रश्नाला २० पैकी १२ जणांचा होकार आला, म्हणजे ६० टक्के. 'क'चे ग्राहक ७२ टक्के निष्ठावान आणि 'ख'चे ६० टक्के. मग 'ख'ने ग्राहक टिकवण्यासाठी योजना आणावी, असा निष्कर्ष लगेच काढला जातो. तो काढण्याआधी बाजारातला एक जुना नियम आठवायला हवा. लहान ब्रँडला ग्राहक कमी असतात आणि जे असतात ते थोडे कमी निष्ठावानही असतात. समाजशास्त्रज्ञ विल्यम मॅकफी यांनी १९६३ साली याला 'दुहेरी फटका' अशा अर्थाचे नाव दिले. पुढे अँड्र्यू एहरेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरच्या खरेदीच्या नोंदी तपासून रोजच्या वापराच्या असंख्य वस्तूंत हा नियम दाखवून दिला.

यामागचे कारण गूढ नाही. एका गावात दोन सारख्याच चांगल्या खानावळी आहेत. एक सगळ्यांना माहीत आहे, दुसरी थोड्यांनाच. ज्यांना दुसरी माहीत आहे त्यांतल्या बहुतेकांना पहिलीही माहीत असते, म्हणून त्यांची जेवणे दोन्हींत वाटली जातात. पहिलीच्या बहुसंख्य गिऱ्हाइकांना मात्र दुसरी ठाऊकच नसते, म्हणून ती पहिलीतच जातात. स्वयंपाकात काहीही फरक नसताना पहिलीची गिऱ्हाइके जास्त आणि जास्त निष्ठावान दिसतात. म्हणजेच निष्ठेचा आकडा बराचसा ब्रँडच्या आकाराचा परिणाम असतो. 'ख'चे ६० टक्के ही उणीव आहे की त्याच्या आकाराच्या ब्रँडला साजेसा आकडा आहे, हे कळण्यासाठी त्याच आकाराचे इतर ब्रँड पाहावे लागतात.

एहरेनबर्ग यांच्या परंपरेतल्या अभ्यासांतून आणखी एक गोष्ट दिसली : केवळ एकच ब्रँड घेणारे शंभर टक्के निष्ठावान ग्राहक बहुधा ती वस्तूच फार थोडी घेणारे असतात. वर्षातून एक पुडा घेणारा आपोआपच शंभर टक्के निष्ठावान ठरतो. दर पंधरवड्याला पुडा लागणारे मोठे कुटुंब कधी ना कधी दुसरा ब्रँड घेतेच. जाहिरातीचा सगळा खर्च 'पूर्ण निष्ठावानां'वर करा अशी शिफारस असेल, तर ते वर्षाला किती पुडे घेतात हे विचारलेच पाहिजे.

गट खरोखरच गट आहे का?

आता वाक्याचा दुसरा भाग : १८ ते २५ वयोगटातल्या मुली सर्वाधिक निष्ठावान. 'क'वाल्या ६० जणांत या वयाच्या मुली होत्या १८ आणि मुलगे १४. मुलींपैकी १५ जणींनी होकार दिला, मुलांपैकी ९ जणांनी. टक्केवारीत हे ८३ आणि ६४ होते. आलेखातल्या दोन खांबांच्या उंचीत डोळ्यांत भरणारा फरक पडतो. आता दोन मुलींनी आणि एका मुलाने वेगळे उत्तर दिले असते असे धरा. मुली १८ पैकी १३, म्हणजे ७२ टक्के. मुलगे १४ पैकी १०, म्हणजे ७१ टक्के. तीन माणसांच्या उत्तरावर उभा असलेला फरक हा बाजारातला गट नव्हे. नमुना रीतसर यदृच्छेने निवडलेला असता, तरी इतक्या लहान संख्यांत १९ टक्क्यांच्या फरकामागे-पुढे सुमारे ३० टक्क्यांची चूक गृहीत धरावी लागली असती. सबंध ६० जणांच्या ७२ टक्क्यांनाही दोन्ही बाजूंना ११ टक्क्यांची सूट द्यावी लागते. म्हणून दर टक्केवारीशेजारी ती कितीपैकी किती हे लिहिण्याचा आग्रह धरावा. बहुतेक शंका तेवढ्याने दूर होतात किंवा पक्क्या होतात.

संख्या पुरेशी असली तरी दुसरी कसोटी उरते. वेंडेल स्मिथ यांनी १९५६ साली बाजारविभाजनाची कल्पना मांडली, तेव्हा तिचा गाभा होता मागणीतला फरक : वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळी वस्तू हवी असते. वय आणि लिंग हे फॉर्ममधले सोपे रकाने आहेत, एवढ्याने ते गट होत नाहीत. त्या गटाला वेगळी वस्तू, वेगळी किंमत, वेगळा पुडा किंवा वेगळे दुकान लागते का, हा प्रश्न आहे. अहमदाबादेत १९६९ साली करसनभाई पटेल यांनी निरमा पावडर विकायला सुरुवात केली, ती अशा खऱ्या फरकावर. सर्फ त्याआधीपासून बाजारात होता, पण असंख्य घरांना तो परवडत नव्हता आणि तिथे वडीच्या साबणानेच कपडे धुतले जात. या घरांना सर्फच्या किमतीच्या अंशात मिळणारी पावडर हवी होती. हा गट वयाने नव्हे, ऐपतीने आणि सवयीने ओळखता येत होता, आणि त्याच्यासाठी वस्तू, किंमत, विक्रीची रीत सगळेच बदलावे लागले. पुढे सर्फच्या कंपनीलाही त्याच घरांसाठी 'व्हील' हा वेगळा ब्रँड आणावा लागला. सर्फ वापरणाऱ्यांचे समाधान कितीही बारकाईने मोजले असते, तरी ही घरे त्या सर्वेक्षणात आलीच नसती.

संगणकाने पाडलेल्या गटांनाही हीच कसोटी लावावी. 'के-मीन्स' सारख्या पद्धतीला चार गट मागितले की ती चार देते आणि सात मागितले की सात. माहितीत मुळात गट नसले तरीही देते. मग त्यांना 'हौशी', 'काटकसरी' अशी नावे दिली की ते खरे वाटू लागतात. पडताळा सोपा आहे. उत्तरे यदृच्छेने दोन भागांत वाटून दोन्ही भागांवर तीच पद्धत चालवायची. दोन्हीकडे सारखेच गट निघाले तर विश्वास ठेवायला जागा आहे; वेगळे निघाले तर ते गट त्या एका हिशेबापुरतेच आहेत.

स्लाइडवर काय लिहावे?

हे प्रश्न सादरकर्त्यांना उघडे पाडण्यासाठी नाहीत. त्यांनी ते आधीच स्वतःला विचारले, तर स्लाइडवरचे वाक्य बदलते. चहाच्या उदाहरणात ते असे होईल : 'आमच्या परिचयातून मिळालेल्या १५० उत्तरांपैकी ६० घरांत क ब्रँड वापरला जातो. त्यांपैकी ४३ जणांनी पुढेही तोच घेण्याचा इरादा सांगितला. मागील खरेदी सांगू शकणाऱ्या ३४ घरांपैकी १५ घरांत सलग तीन पुडे क ब्रँडचे होते. वय आणि लिंगानुसार दिसलेला फरक निष्कर्ष काढण्याइतक्या संख्येवर आधारलेला नाही.'

हे वाक्य लांब आहे आणि त्यात एकही मोठा दावा नाही. पण त्यातला प्रत्येक आकडा कुठून आला हे सांगता येते, आणि पुढचे काम कोणते हेही त्यातून कळते : घरात चहा आणणाऱ्या व्यक्तीला गाठणे, 'क' सोडलेल्यांना शोधणे आणि त्यांच्या दुकानात दुसरे काय मिळते ते पाहणे. शिफारस करायची ती यांची उत्तरे मिळाल्यावर.